ओठांवरची लव : ब्लीच की दोरा?

माझ्या भाचीच्या साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी तिने घरीच ओठांवर ब्लीच लावले. मुरुमांसाठी डॉक्टरांनी दिलेले रेटिनॉईडचे मलम ती रोज रात्री लावत असे, हे त्या गडबडीत कोणाच्या ध्यानी आले नाही. या मलमाने त्वचा कोरडी व हळवी होते. पाचव्या मिनिटाला आग होऊ लागली. तरीही पाकिटावरची वेळ पुरी करावी म्हणून ती थांबली. दुसऱ्या दिवशी ओठांवरचा लालसर पट्टा पावडरीखालूनही दिसत होता.

ब्लीच केस काढीत नाही, केवळ त्यांचा रंग उतरविते. हायड्रोजन पेरॉक्साईडसारखे द्रव्य केसातील काळे रंगद्रव्य फिके करते. त्यामुळे लव बारीक असेल तर ती त्वचेत मिसळून जाते. केस राठ असतील तर मात्र ते सोनेरी होऊन उन्हात चमकतात, आणि सावळ्या वर्णावर तर अधिकच उठून दिसतात. अशा वेळी दोऱ्याने केस काढणे बरे. त्यात रसायन नसते. लाली येते, पण बहुधा काही तासांत ओसरते. काढलेले केस पुन्हा येताना दाट होतात, हा समज खरा नाही.

लग्नापूर्वी मात्र आम्ही घाई केली नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने मलम काही दिवस बंद ठेवले. पाकिटावरील प्रमाणातच मिश्रण कालवून, कोपराच्या आतील बाजूस रुपयाच्या नाण्याएवढे लावले, सांगितलेल्या वेळेनंतर गार पाण्याने धुतले आणि ती जागा दोन दिवस पाहिली. पहिल्या दिवशी काहीच दिसले नाही. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मात्र तेथे खाज सुटून बारीक पुरळ उठले.

लावताच होणारी आग हा दाह; ॲलर्जी मात्र अनेकदा एक-दोन दिवसांनी प्रकट होते. म्हणूनच चाचणीसाठी पूर्ण 48 तास द्यावेत. हाताची त्वचा चेहऱ्याहून जाड असते. त्यामुळे तेथे काही झाले नाही, तरी कानाखाली जबड्याच्या कडेला आणखी एक छोटा ठिपका लावून पाहावा. नवे पाकीट वा वेगळी कंपनी असेल तर चाचणी पुन्हा करावी. किंचित चुणचुण होऊन ती थांबली तर चिंता नाही. वाढत जाणारी आग जाणवताच, वेळ पुरी होण्याची वाट न पाहता, मिश्रण धुऊन टाकावे. चट्टा सुजला वा फोड आले तर डॉक्टरांना दाखवावे.

भाचीने ब्लीचचा विचार सोडला आणि लग्नाच्या चार दिवस आधी दोऱ्याने लव काढून घेतली. लग्नाच्या छायाचित्रांत तिच्या ओठांवर ना लव दिसते, ना लाली.

एक गोष्ट राहिली. ओठांवर व हनुवटीवर अचानक राठ केस येऊ लागले आणि मासिक पाळीही अनियमित झाली, तर ब्लीच वा दोरा शोधण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.