मीटरवर न दिसणारे ११,४०० किलोवॉट

स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल शहरासाठी ब्राउन बोव्हेरी कंपनीने बनवलेल्या गॅस टर्बाइन संचाची चाचणी १९३९ साली झाली. ती घेणारे ऑरेल स्टोडोला तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. टर्बाइनने सुमारे १५,४०० किलोवॉट शक्ती दिली, पण त्यातली सुमारे ११,४०० किलोवॉट हवा दाबणाऱ्या कंप्रेसरलाच लागली आणि जनित्राकडे ४,००० किलोवॉट उरली. टर्बाइन, कंप्रेसर आणि जनित्र एकाच शाफ्टवर होते. त्यामुळे विजेच्या मीटरवर दिसणार ती फक्त शेवटची शक्ती. कंप्रेसरने घेतलेली शक्ती शाफ्टमधल्या शाफ्टमध्येच संपते. ती मोजायची असेल तर आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचाच जमाखर्च मांडावा लागतो. ऊष्मागतिकीचा पहिला नियम वाहत्या हवेला लावायचा तो इथे.

हा जमाखर्च नीट मांडला नाही तर केवढी चूक होते, ते एक किलो हवेवरून पाहू. हवा २० अंश सेल्सिअसला आत आली आणि दाबली जाऊन २०० अंशांना बाहेर पडली, असे धरू. बंद सिलिंडरमधल्या हवेचा हिशेब ज्याला सवयीचा आहे, तो म्हणेल की हवेची अंतर्गत ऊर्जा सुमारे १२९ किलोज्यूलने वाढली, म्हणजे तेवढेच काम झाले. सिलिंडर बंद असता तर ते बरोबर होते. इथे मात्र हवा सतत वाहते आहे. प्रवेशद्वाराशी मागची हवा पुढच्या हवेला आत ढकलते, आणि त्या ढकलण्यातून किलोमागे सुमारे ८४ किलोज्यूल काम यंत्राला आयते मिळते. बाहेरच्या तोंडाशी दाब जास्त असतो. तिथे तीच हवा पुढे रेटायला सुमारे १३६ किलोज्यूल लागतात. मधला ५२ किलोज्यूलचा फरक शाफ्टनेच भरून काढायचा असतो. म्हणून खरे काम १८१ किलोज्यूल होते. अंतर्गत ऊर्जा आणि हे ढकलण्याचे काम यांची बेरीज म्हणजेच एंथाल्पी. न्यूशातेलच्या कंप्रेसरसाठी ढकलण्याचे काम विसरले असते, तर ११,४०० किलोवॉटच्या जागी जेमतेम ८,१५० किलोवॉट आले असते. मग कागदावर जनित्रासाठी सव्वासात हजार किलोवॉट शिल्लक दिसले असते, प्रत्यक्षात मिळाले त्याच्या पावणेदोन पटींहून जास्त.

कोणी विचारेल, पात्यांवर हवेचा दाब टप्प्याटप्प्याने कसा वाढतो हे पाहून थेट काम का काढू नये? कारण आत काय घडते ते आपल्याला पूर्णपणे माहीत नसते. पात्यांच्या टोकाशी हवा गळते, भोवरे उठतात, घर्षण होते. ऊर्जेच्या जमाखर्चाला या मार्गाशी देणेघेणे नाही. प्रवेशापाशी आणि बाहेर पडताना हवेची स्थिती कळली की पुरे. घर्षणात गेलेले कामही हवा तापवूनच बाहेर पडते, म्हणजे बाहेरच्या तापमानात त्याची नोंद आपोआप होते.

दुसरी शंका जास्त रास्त आहे. कंप्रेसरचे कवच गरम असते, त्यातून उष्णता निसटते, तिचे काय? आणि हवेच्या वेगाचे काय? दोन्ही याच जमाखर्चात बसतात, फक्त त्यांचे आकडे तपासावे लागतात. सेकंदाला १०० मीटर वेगाच्या एक किलो हवेत ५ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते, म्हणून १८१ पुढे वेगातला थोडाफार फरक सहसा सोडून देता येतो. मोठ्या कंप्रेसरमधून हवा इतक्या झटपट जाते की कवचातून निसटणारी उष्णताही किलोमागे थोडीच असते. पाण्याने थंड केलेल्या कंप्रेसरमध्ये मात्र पाण्याने नेलेली उष्णता हिशेबात धरलीच पाहिजे, नाहीतर कामाचा आकडा खोटा ठरेल.

खरी मर्यादा आहे ती प्रवाह ‘स्थिर’ असण्याच्या अटीची. यंत्र नुकतेच सुरू झाले असेल तर थंड धातू हवेतली उष्णता शोषत राहतो. बाहेरचे तापमान कमी दिसते आणि कामही कमी निघते. म्हणून तापमान आणि दाब काही काळ एका जागी ठरल्याशिवाय नोंदी घेऊ नयेत.

एकदा नोंदी ठरल्या की हाच हिशेब रोजच्या देखभालीत कामी येतो. आत येणारी हवा तशीच आहे, दोन्हीकडचे दाबही तेच आहेत, आणि बाहेरचे तापमान मात्र २०० वरून २१५ अंशांवर गेले आहे, तर तापमापक बरोबर आहे याची खात्री आधी करून घ्यावी. तो बरोबर असेल तर प्रत्येक किलो हवेमागे सुमारे १५ किलोज्यूल जास्त काम खर्च होते आहे, आणि पात्यांवर मळ बसला आहे का, हे तपासायला हवे.