फिल्म एकच, फायली दोन

येवल्यातलं एक पैठणीचं दुकान डोळ्यांसमोर आणा. मागे माग, पुढे विक्री, आणि मालकीणबाईंनी हौसेने करून घेतलेली दहा मिनिटांची फिल्म. व्हिडिओग्राफर पुण्याचा, फ्रीलान्स. काम संपल्यावर त्याने ड्राइव्हची लिंक पाठवली, तर फोल्डरमध्ये दोन फायली. `Paithani_Master.mov` ९.३ जीबीची आणि `Paithani_Web.mp4` जेमतेम ७६५ एमबीची. दोन्हींची लांबी तीच, दोन्ही फुल एचडी, दृश्यांचा क्रमही तोच. मोठी उतरवण्यात अख्खी दुपार गेली आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर ती उघडलीच नाही. लहान मात्र झटकन चालू झाली. आता बाईंना प्रश्न पडणारच, की मोठीत असं जास्त काय आहे, की लहानीतलंच काही काढून घेतलंय?

अशा वेळी जाणकार व्हिडिओग्राफर प्रश्न येण्याची वाट पाहत नाही. लिंकसोबतच त्याचा ईमेल जातो. साधारण असा:

“नमस्कार ताई, फोल्डरमध्ये दोन फायली आहेत, पण फिल्म एकच आहे. एकही शॉट कमी-जास्त नाही. रोजच्या वापराला एमपी४ घ्या. यूट्यूब, दुकानातला टीव्ही, पाहुण्यांना पाठवणं, सगळं तिच्यावर होईल. एमओव्ही ही मास्टर आहे. ती तुमच्याकडे बहुधा चालणार नाही; पाहायचीच असेल तर व्हीएलसीमध्ये उघडा. पुढे यातून जाहिरात कापायची असेल, इंग्रजी सबटायटल्स टाकायची असतील किंवा फिल्म महोत्सवाला पाठवायची असेल, तर त्या माणसाला एमओव्हीच द्या. मास्टर दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. पेनड्राइव्हवर जात नसेल तर घाबरू नका, फोन करा. फाइल ठीक आहे.”

ईमेल एवढाच पुरे. पण बारा पट फरक नेमका कुठून येतो, हे त्यात मावत नाही.

फुल एचडीच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाखांहून जास्त ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला तीन बाइट धरले, तर एक चित्र ६२ लाख बाइटचं होतं. सेकंदाला अशी २५ चित्रं. दहा मिनिटांची फिल्म काहीही न दाबता साठवायची म्हटलं, तर ९३ जीबी लागतील. म्हणजे बाईंना जी ‘अवाढव्य’ वाटली ती मास्टरही मूळ हिशोबाच्या दहाव्या भागावर आणलेली आहे. दोन्ही फायली दाबलेल्याच. फरक आहे तो किती दाबल्या आणि कशा, यात.

मास्टरमध्ये वापरलेली पद्धत प्रोरेस. अ‍ॅपलने ती २००७ मध्ये एडिटिंगसाठी आणली. तिच्यात प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे दाबलं जातं, मागच्या-पुढच्या चित्राशी त्याचा संबंध नसतो. त्यामुळे दर चित्राला सहा लाख बाइटच्या आसपास खर्च होतात. लहान फाइलीतली पद्धत एच.२६४, प्रमाण म्हणून २००३ मध्ये ठरलेली. मोबाइल, टीव्ही, ब्राउझर, सगळीकडे ती चालते. तिच्यात दर चित्राला सरासरी ५० हजार बाइटच वाट्याला येतात, आणि एवढ्यात भागवायचं तर युक्ती लागते.

ती युक्ती मागावर नीट दिसते. विणकर बसलाय, कॅमेरा स्टँडवर पक्का. धोटा इकडून तिकडे जातो, हात हलतात. भिंत, मागाची चौकट, वरचा दिवा जागच्या जागी. एच.२६४ इथे एक चित्र पूर्ण लिहून ठेवतं आणि पुढच्या चित्रांसाठी फक्त ‘काय बदललं’ तेवढंच नोंदवतं. भिंत पुन्हा लिहायची गरजच नाही. काही सेकंदांनी पुन्हा एक पूर्ण चित्र, मग पुन्हा नुसते बदल. अशा शॉटला ५० हजार बाइट पुरून उरतात.

पण फिल्मच्या सातव्या मिनिटाला कॅमेरा भरजरी पदरावरून सावकाश सरकतो. जरीचा प्रत्येक धागा प्रकाशात चमकतो आणि विझतो, बांगडी-मोरांची रांग फ्रेममधून पुढे जाते. इथे मागच्या चित्रातलं जवळपास काहीच जसंच्या तसं वापरता येत नाही. बाइट मात्र तेवढेच. मग बारीक तपशील पुसला जातो, आणि फारच ताण आला तर चित्रात चौकोनी ठोकळे दिसू लागतात. चांगला व्हिडिओग्राफर एमपी४ बनवल्यावर पूर्ण फिल्म पाहत बसत नाही. तो थेट अशा शॉटवर जातो. तिथे ती टिकली, तर बाकीची टिकतेच.

दुसरी काटकसर रंगात आहे. माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक जितका बारीक कळतो तितका रंगातला कळत नाही, आणि एच.२६४च्या नेहमीच्या फायली याचाच फायदा घेतात. उजेड प्रत्येक ठिपक्याचा लिहिला जातो, रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. या मास्टरमध्ये दर दोन ठिपक्यांमागे एक रंग आहे. चेहऱ्यावर, भिंतीवर, आभाळात हा फरक ओळखू येत नाही. पण गर्द लाल पदरावर हिरवी वेल असेल आणि ती पडद्यावर एक-दोन ठिपक्यांएवढीच रुंद असेल, तर लाल आणि हिरवा एकमेकांत उतरतात. पैठणीच्या दुकानाला हे चालायचं नाही, कारण लोक तेवढंच तर पाहायला येतात! सबब कॅमेरा काठ-पदराच्या जवळ नेणं, वेल फ्रेममध्ये मोठी घेणं, हे शूटिंगच्या वेळीच सांभाळावं लागतं.

तिसरा फरक लगेच दिसत नाही. एमपी४मध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या आहेत, या मास्टरमध्ये १०२४. नुसती पाहताना २५६ पुरतात. पण वर्षभराने दुसऱ्या एडिटरला दिव्यामागची अंधारी भिंत थोडी उजळायची असेल, तर त्याला त्या अंधारातल्या मोजक्या पायऱ्या ताणाव्या लागतात. एमपी४वर हे केलं की भिंतीवर सावलीचे पट्टे उमटतात. मास्टरवर मधल्या पायऱ्या शिल्लक असतात, म्हणून भिंत भिंतच राहते. अर्थात कॅमेऱ्यानेच २५६ पायऱ्यांत टिपलं असेल, तर मास्टर कितीही मोठी केली तरी नसलेल्या पायऱ्या तिच्यात येत नाहीत. तेव्हा तिचा उपयोग एवढाच, की आणखी नुकसान होत नाही.

तीस सेकंदांची जाहिरात कापण्याचं उदाहरण घ्या. जाहिरात करणाऱ्याला एमपी४ दिली, तर त्याने कापून, अक्षरं टाकून पुन्हा एच.२६४ केली की ती दुसऱ्यांदा दाबली गेली. मग कोणीतरी ती व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की अ‍ॅप तिला तिसऱ्यांदा दाबतं. दर वेळी आधीचे ठोकळे हाच ‘तपशील’ समजून जपले जातात आणि खरी जर आणखी पुसली जाते. सुरुवात मास्टरपासून केली, तर यातली एक पायरी वाचते. व्हॉट्सअ‍ॅपची पायरी चुकवायला फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. २ जीबीपर्यंतची अशी आहे तशी जाते. ७६५ एमबीची एमपी४ त्यात बसते, मास्टर बसत नाही.

ईमेलमध्ये पेनड्राइव्हचा उल्लेख उगाच नाही. बरेच पेनड्राइव्ह एफएटी३२ नावाच्या जुन्या मांडणीचे असतात आणि त्यांच्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल ठेवताच येत नाही. ड्राइव्ह ६४ जीबीचा, रिकामा, तरी विंडोज सांगतं की फाइल फार मोठी आहे. गिऱ्हाईक समजतं, फाइलच बिघडलेली आली. ड्राइव्हवरचं बाकी सामान काढून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की काम होतं. पण दुकानातल्या टीव्हीला लावायचा पेनड्राइव्ह मात्र आहे तसाच राहू द्यावा. त्यावर एमपी४ ठेवायची आहे, आणि काही जुन्या टीव्हींना एक्सफॅट वाचताच येत नाही.

दुसरा हमखास गोंधळ नावाचा. `.mov` आणि `.mp4` ही बाहेरच्या डब्याची नावं आहेत. आत कोणत्या पद्धतीने दाबलंय ते त्यावरून ठरत नाही. एमओव्हीत एच.२६४ही असू शकतं. पुष्कळ आयफोनचे व्हिडिओ एमओव्हीच असतात आणि तरी लहान असतात. म्हणून शेपूट बदलून `.mp4` केलं तरी मास्टर टीव्हीवर चालणार नाही, आणि महोत्सवाने प्रोरेस मागितल्यावर एमपी४चं नाव बदलून पाठवली तर ती परत येईल. आत काय आहे ते व्हीएलसीमध्ये Tools मेनूतल्या Codec Information मध्ये दिसतं. लहान फाइलीत `avc1` असं लिहिलेलं असतं, या मास्टरमध्ये `apcn`.

इथे थोडं सावध राहावं लागतं. मास्टर हरवलेला एखादा एडिटर एमपी४वरूनच प्रोरेस बनवून देऊ शकतो. तीही नऊ जीबीची होते, तिच्यातही `apcn` दिसतं. आकडे सगळे जुळतात, गेलेला तपशील मात्र परत आलेला नसतो. शंका असेल तर दोन्ही फायली सातव्या मिनिटाला थांबवून, पदराचा तोच शॉट मोठा करून शेजारी-शेजारी पाहावा. खऱ्या मास्टरमध्ये जरीचा धागा सुटा दिसतो. दोन्हींत ठोकळे सारखेच असतील, तर मोठी फाइल लहानीतूनच फुगवलेली आहे.

ईमेल वाचून बाईंचा एक समज मात्र तसाच राहू शकतो, की मास्टर म्हणजे शूटिंगचं सगळं मूळ चित्रण. फोटो स्टुडिओतली निगेटिव्ह आठवून अनेकांना तसं वाटतं. मास्टरमध्ये फक्त संपादित, रंग सुधारलेली, आवाज आणि संगीत मिसळलेली दहा मिनिटं आहेत. न वापरलेले शॉट, आजोबांची पूर्ण मुलाखत, संगीताविना मागाचा आवाज, हे सगळं कॅमेऱ्याच्या मूळ फायलींत आहे. दोन दिवसांच्या शूटिंगचा तो ऐवज काहीशे जीबीचा सहज होतो आणि डिलिव्हरीत तो गृहीत धरलेला नसतो. आजोबांची अख्खी मुलाखत घरात हवी असेल, तर काम ठरवतानाच तसं लिहून घ्यावं आणि एक रिकामी हार्ड डिस्क व्हिडिओग्राफरच्या हाती द्यावी. नंतर मागायला जावं तोवर त्याने पुढच्या कामासाठी जागा मोकळी केलेली असू शकते.