भाव चढतो, पैसा थकतो

मागच्या आठवड्यात आरएसआय पाहिला. तो फक्त भाव बघतो. त्या भावाला किती माल हलला, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. जीन क्वाँग आणि अव्रम सूडॅक यांनी काढलेला मनी फ्लो इंडेक्स, म्हणजे एमएफआय, हाच माल हिशेबात धरतो.

दिवसाचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव यांची सरासरी काढायची आणि तिला व्हॉल्यूमने गुणायचे. सरासरी कालच्यापेक्षा वर असेल, तर ती रक्कम चढत्या खात्यात. खाली असेल, तर उतरत्या. १४ दिवसांच्या एकूण रकमेत चढत्या खात्याचा वाटा शंभरात किती, तोच एमएफआय.

समजा, एका अल्टकॉइनने १ डॉलरचे शिखर गाठले तेव्हा चढत्या खात्यात ९ कोटी डॉलर होते आणि उतरत्यात १ कोटी. एमएफआय ९०. पुढे भाव १.२० वर गेला, पण खाती झाली ६.५ आणि ३.५ कोटी. एमएफआय ६५. भाव नव्या उंचीवर असला, तरी चढते दिवस आता हलक्या व्हॉल्यूमचे आहेत आणि पडत्या दिवशी माल जोरात सुटतो आहे. तेजी दमल्याची खूण म्हणून मी या तफावतीला मानतो. नुसते ८० ओलांडणे ही खूण नव्हे. जोरदार तेजीत एमएफआय आठवडे-आठवडे ८० च्या वर राहू शकतो.

इथे एक फसगत होते. त्या ९ कोटींपैकी ५ कोटी एकाच दिवसाचे असतील, तर तो दिवस १४ दिवसांच्या चौकटीबाहेर पडताच हिशेब ४ आणि १ चा होतो. एमएफआय ८० वर येतो, विक्री वाढलेली नसताना. म्हणून आकडा घसरला की आज काय आत आले याच्याबरोबर काय बाहेर गेले, हेही पाहावे.

उलटी फसगत डोजकॉइनमध्ये दिसते. १६ एप्रिल २०२१ ला तो सुमारे ४५ सेंटपर्यंत उसळला, प्रचंड व्हॉल्यूमसह. ८ मे रोजी, एलॉन मस्क ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये येणार होते तेव्हा, भाव ७३ सेंटच्या आसपास होता, पण फिरलेली नाणी एप्रिलच्या त्या दिवसापेक्षा कमी होती. दुसऱ्या दिवशी तो ५० सेंटच्या खाली उतरला. एप्रिलचा तो दिवस मे महिन्यातल्या १४ दिवसांच्या चौकटीत नव्हताच. एमएफआय फक्त वाटा सांगतो, एकूण रक्कम किती आटली ते सांगत नाही. त्यासाठी चार्टखालचे व्हॉल्यूमचे खांब स्वतः पाहावे लागतात.

आणि ते खांब खरे असावे लागतात. बिटवाइज कंपनीने २०१९ मध्ये अमेरिकेच्या एसईसीपुढे मांडले होते की, बिटकॉइनच्या जाहीर व्हॉल्यूमपैकी सुमारे ९५ टक्के बनावट आहे. लहान अल्टकॉइनमध्ये आपल्याच दोन खात्यांत उलटसुलट सौदे करून व्हॉल्यूम फुगवणे आणखी सोपे. म्हणून एमएफआय दोन-तीन मोठ्या एक्स्चेंजवर वेगवेगळा काढून बघावा. तफावत एकाच ठिकाणी दिसली, तर मी ती सोडून देतो.

पुढच्या आठवड्यात ओबीव्ही पाहू. त्याला १४ दिवसांची चौकट नसते.