दारात कुणी नाही, तरी बेल वाजते

डिंग-डाँग बेलचे दोन आवाज दोन वेगळ्या क्षणी येतात, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही. बटण दाबलं की बेलमधल्या कॉइलला वीज मिळते, कॉइलच्या पोटातला लोखंडी दांडा जोरात खेचला जातो आणि एका पट्टीवर आपटतो. हा डिंग. बोट काढलं की वीज तुटते, स्प्रिंग दांड्याला मागे ढकलते आणि तो दुसऱ्या पट्टीवर आदळतो. हा डाँग. पाहुणा घाईत असेल तर दोन्ही आवाज लागोपाठ येतात, आणि बटणावर बोट ठेवून उभा राहणारा असेल तर डाँगसाठी वाट पाहावी लागते.

बेल आपोआप वाजू लागली की म्हणूनच आधी कान द्यावा. डिंग झालं, डाँग आलंच नाही आणि त्याजागी एकसारखी गुणगुण सुरू झाली, तर वीज तुटलेलीच नाही. बटण आत अडकलंय. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन करते, प्रत्येक आवर्तनात कॉइल दांड्याला दोनदा आवळते आणि सैल सोडते, त्यामुळे दांडा सेकंदाला १०० वेळा थरथरतो. तीच ती गुणगुण. याउलट डिंग न होता नुसती मंद घरघर ऐकू येत असेल, तर बेलपर्यंत वीज पोचतेय खरी, पण दांडा ओढण्याइतकी नाही. ती कुठूनतरी पाझरतेय. पहिल्या प्रकारात संशय बटणाच्या यंत्रावर घ्यायचा, दुसऱ्यात ओलीवर.

गुणगुण सुरू झाली तर आधी बेलचा एमसीबी खाली पाडावा, मग कारण शोधत बसावं. बेलची कॉइल क्षणभर वीज घेण्यासाठी बनवलेली असते. ती तासभर चालू राहिली तर तापते, तारेवरचं लाखेचं आवरण वितळतं, आतले वेढे एकमेकांना चिकटतात आणि ती आणखी तापते. प्लॅस्टिकचं कव्हर वाकल्यावर किंवा जळका वास आल्यावर घरच्यांना कळतं. एमसीबी आपणहून पडेल या भरवशावर राहू नये. बेल ओढते ती वीज एका अँपिअरच्याही खूप खाली असते, आणि सहा अँपिअरच्या एमसीबीच्या ती खिजगणतीतही नसते.

बटण अडकण्याची कारणं अगदी साधी असतात. दिवाळीआधी घराला रंग काढला की रंगाचा एक ओघळ बटणाच्या कडेत उतरतो आणि सुकल्यावर बटण आत गेलं की तिथंच राहतं. जुन्या बेलपुशमध्ये पितळी पट्टीच स्प्रिंगचं काम करते. वर्षानुवर्षं दाबून ती मरते आणि परत वर येत नाही. फाटकावरच्या बटणात मुंग्या घर करतात, आणि त्यांची माती पट्टीखाली साठते. एक कारण मात्र हमखास हसवतं. नव्या मॉड्युलर प्लेटमध्ये बेलपुश आणि दिव्याचा स्विच दिसायला जवळजवळ सारखेच असतात, आणि घाईत कुणीतरी बेलच्या जागी साधा स्विच बसवून जातं. मग येणारा प्रत्येक जण तो दाबतो, स्विच चालू राहतो आणि पाहुणा दारात उभा राहून आतली गुणगुण ऐकत बसतो.

तपासायला फारसं काही लागत नाही. बटण चारही कोपऱ्यांवर दाबून पाहावं. प्रत्येक वेळी ते टक् आवाज करून परत वर आलं पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात रेंगाळलं तर मेन स्विच बंद करून दोन स्क्रू काढावेत आणि आत पाहावं. धूळ किंवा माती असेल तर कोरड्या ब्रशने झाडावी. पट्टी मेलेली असेल तर ती वाकवून नीट करण्यात अर्थ नाही, नवीन बेलपुश आणावा.

ओल हे जास्त चकवणारं प्रकरण आहे, कारण ती वेळ बघून येते. चिपळूणला एका ओळखीच्या घरी आषाढात पहाटे तीन-साडेतीनला बेल वाजायची. बेल दांड्याची नव्हती, सूर वाजवणारी इलेक्ट्रॉनिक होती. कधी पूर्ण सूर, कधी नुसता अर्धवट चिवचिवाट, मग दहा-पंधरा सेकंद शांतता आणि पुन्हा चिवचिव. दुपारी ऊन पडलं की एकदम गप्प. फाटकाच्या खांबावरचं बटण भिजलं असणार, असं सगळ्यांनी धरलं. बटण नवीन बसवलं, वर पत्र्याचं छप्पर ठोकलं. दोन दिवस पाऊस उघडला होता तेव्हा बेल गप्प राहिली, आणि नव्या सरीबरोबर पुन्हा सुरू झाली.

थोडी वीज दांड्याच्या बेलला हलवू शकत नाही, पण इलेक्ट्रॉनिक बेलला पुरते. तिच्यातला कपॅसिटर पाझरणारी वीज थेंबाथेंबाने साठवतो. पुरेशी साठली की सर्किट जागं होतं, एखादा सूर काढतं, साठा संपतो आणि ते पुन्हा झोपतं. ठरावीक अंतराने येणारा चिवचिवाट ही पाझराची जवळजवळ खात्रीची खूण आहे. दाबलेल्या बटणाने बेल असं थांबून थांबून वाजत नाही.

शेवटी वायरमनला बोलावलं. त्याने मेन बंद केला, फाटकावरच्या बटणाच्या दोन्ही तारा सोडवल्या, त्यांच्या टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळली आणि मेन चालू केला. आता बटण सर्किटमध्ये नव्हतंच. बेल वाजायची थांबली असती तर दोष बटणाचा ठरला असता. अर्ध्या तासात बेल चिवचिवली. मग त्याने घरातल्या बेलकडे येऊन फाटकाकडे जाणारी तार तिथून सोडवली. बेल शांत झाली, आणि शांतच राहिली. म्हणजे बेल चांगली, बटणही चांगलं, दोष मधल्या पन्नास-साठ फुटांत. ही साधी तोडातोडी कुठल्याही बेलला लागू पडते: आधी बटणाकडचं टोक सोडवायचं, मग बेलकडचं. तरीही बेल वाजत राहिली तर ती स्वतःच बिघडलेली असते.

अंगणातल्या फरशीखालच्या पाइपात पाणी भरलं होतं आणि पाइपात तारेचा एक सांधा होता, नुसती काळी टेप गुंडाळलेला. पण सांधा ओल्या मातीला टेकला म्हणून बेल का वाजावी? बटण तर उघडंच होतं. याचं उत्तर जोडणीत होतं. नियम असा की बटण फेजच्या तारेत घालायचं. इथे ते न्यूट्रलमध्ये होतं. म्हणजे फेज सरळ बेलमध्ये शिरत होता, आणि बेलमधून निघून फाटकाकडे जाणाऱ्या तारेत न्यूट्रलची वाट बघत थांबलेला होता. न्यूट्रल म्हणजे शेवटी जमिनीला जोडलेलीच बाजू. तेव्हा सांध्यातून ओल्या मातीत जराशी वीज पाझरली की बेलचं सर्किट बटणाशिवायच पूर्ण व्हायचं. पाझर इतका थोडा की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही पडत नव्हता.

बटण नियमाप्रमाणे फेजमध्ये असतं तर ओल्या सांध्याने बेल वाजली नसती. मात्र तेव्हा फाटकापर्यंत कायम २३० व्होल्ट गेले असते आणि ओल वाढल्यावर आरसीसीबी पडला असता, नसेल तर एखाद्याला झटका बसला असता. बेल वाजली हे त्या मानाने बरंच म्हणायचं. त्या घरी पूर्ण लांबीची, सांधा नसलेली नवी तार ओढली आणि घरात छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून त्यावर चालणारी १२ व्होल्टची बेल घेतली. आता फाटकापर्यंत १२ व्होल्टच जातात. उघड्यावरच्या, पावसात भिजणाऱ्या, पोरांची ओली बोटं लागणाऱ्या बटणाला माझ्या मते हीच जोडणी योग्य आहे.

ओल बटणातच असेल तर उघडल्यावर दिसते. पितळेवर हिरवट चूर, स्क्रूवर गंज, मागच्या भिंतीवर पाण्याचा डाग. हेअर ड्रायरने बटण कोरडं करून पाहावं. काही तास बेल गप्प राहून पुन्हा वाजली, तर ओल भिंतीतून येतेय, पुढून नाही. दोन स्क्रूंच्या मधल्या बेकेलाइटवर काळी रेघ उमटली असेल, तर वाळवून उपयोग नाही. ती कोळशाची वाट आहे आणि तिच्यातून कोरड्या दिवसांतही वीज जाते. बटण बदलायचंच.

आता ट्रान्सफॉर्मर. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, घरोघर बेल ट्रान्सफॉर्मरवरच चालते. आपल्याकडे काही बंगल्यांत आणि जुन्या इमारतींत आहे. बेल आपोआप वाजली की पहिला आळ त्याच्यावर येतो. पण बटण उघडं असेल तर ट्रान्सफॉर्मर कितीही बिघडला तरी बेलला सर्किट मिळत नाही, मग ती वाजणार कशी? अनेकदा गुणगुण बेलची नसतेच. ट्रान्सफॉर्मर दिवसरात्र चालू असतो, त्याच्या पत्र्या सैल झाल्या की तोच १०० च्या लयीत घुमतो, आणि रात्रीच्या शांततेत तो आवाज बेलचा वाटतो. कान जवळ नेला की कळतं.

एका बाबतीत मात्र तो खरा दोषी असतो. बटणात अंधारात दिसणारा छोटा दिवा असेल, तर त्याची वीज कायम बेलमधूनच जाते. ती इतकी थोडी असते की बेलला जाणवत नाही. जुना १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि दुकानदाराने २४ चा दिला, तर दिव्यातून जाणारी वीज वाढते आणि बेल मंद घरघरू लागते. दिव्याची तार सोडवून पाहिली की शंका फिटते.

ट्रान्सफॉर्मर तपासायचा तर मल्टिमीटर एसीवर ठेवून कमी व्होल्टच्या दोन टोकांवर लावावा. १२ चा ट्रान्सफॉर्मर बेल बंद असताना तेरा-चौदाही दाखवतो, त्यात गैर काही नाही. कुणाला तरी बटण दाबायला सांगावं. आकडा थोडा उतरला तर ठीक. सहा-सातवर कोसळला तर आतले वेढे गेले आहेत, आणि दांडा पूर्ण ओढला जात नसल्याने नुसती घरघर ऐकू येईल. हाताला कोमट लागणं चालतं, हात ठेववत नसेल तर चालत नाही. आणि कमी व्होल्टच्या तारेवर टेस्टर स्वच्छ पेटला तर पुढे हात लावू नये. आतलं इन्सुलेशन फुटून २३० व्होल्ट फाटकापर्यंत पोचले असण्याची शक्यता असते. मेन बंद करून वायरमनला बोलवावं.

जळालेला ट्रान्सफॉर्मर दिसला की लगेच नवा बसवण्याचा मोह होतो. पण बहुतेक वेळा त्याला जाळलेलं असतं ते अडकलेल्या बटणानेच, रात्रभर बेलला वीज पुरवायला लावून. बटण न उघडता नवा बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.