परवाना कायमचा, अपडेट मुदतीचं

सांगलीतला एक हार्डवेअर दुकानदार समजा. सिमेंट, पाइप, रंग विकणारा. जानेवारी 2022 मध्ये त्याने हिशेबासाठी टॅलीप्राइम घेतलं, एकरकमी पैसे मोजून. "एकदाच घेतलंय, आता आयुष्यभर बघायला नको," असं तो सगळ्यांना सांगतो. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

त्याने घेतलेला परवाना खरोखरच कायमचा आहे. पण त्यासोबत मिळालेली टीएसएस ही सेवा एकाच वर्षाची होती. नव्या आवृत्त्या याच सेवेतून मिळतात. जानेवारी 2023 मध्ये ती संपली आणि त्याने रिन्यू केली नाही. दुकान अडलं नाही. बिलं निघत राहिली, खतावणी लिहिली जात राहिली. फक्त सॉफ्टवेअर होतं तिथेच थांबलं, 2 मालिकेतल्या आवृत्तीवर. नंतर त्याच वर्षी 3.0 आली, पण ती त्याच्यासाठी नव्हती.

थांबलेल्या सॉफ्टवेअरने काय बिघडतं? 22 सप्टेंबर 2025 ला सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. त्यासाठी अपडेट लागलं नाही. दुकानदाराने वस्तूच्या नोंदीत नवा दर आणि तो लागू होण्याची तारीख टाकली, काम झालं. दर हा आकडा आहे आणि आकडा वापरणाऱ्याला बदलता येतो.

त्याची अडचण त्याच्या काही महिने आधीच सुरू झाली होती. मे 2025 च्या विवरणपत्रापासून जीएसटीआर-1 मधल्या 12 क्रमांकाच्या तक्त्याचे दोन भाग झाले. एचएसएन कोडनुसार विक्रीचा गोषवारा पूर्वी एकत्र जायचा. आता नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेली विक्री वेगळी आणि किरकोळ ग्राहकांना केलेली वेगळी दाखवायची. जुन्या आवृत्तीला ही विभागणी ठाऊकच नाही, कारण ती बनली तेव्हा असा तक्ता नव्हता. कायद्याने आकडा बदलला तर आपण निभावतो, नमुना बदलला तर अपडेट लागतं. नाहीतर दर महिन्याला विक्री हाताने वेगळी काढून पोर्टलवर भरा.

आणखी एक खाच आहे. हा दुकानदार आपला डेटा सीएकडे देतो. त्यांच्याकडे नवी आवृत्ती. 3.0 किंवा पुढच्या आवृत्तीत एकदा रूपांतरित झालेला डेटा जुन्या आवृत्तीत उघडत नाही. सीएंकडून परत आलेली फाइल दुकानात उघडेना, की आधी घेतलेला बॅकअपच कामाला येतो. म्हणून डेटा देताना प्रत द्यावी, मूळ आपल्याकडेच ठेवावं.

आता दुसरी पद्धत बघू. हेच सॉफ्टवेअर भाड्यानेही मिळतं. भाडं चालू असेपर्यंत नवी आवृत्ती आपोआप हक्काची. भाडं थकलं की ते एज्युकेशनल मोडमध्ये जातं, म्हणजे शिकणाऱ्यांसाठीच्या मर्यादित रूपात. तिथे महिन्यातल्या मोजक्याच तारखांना नोंदी करता येतात. जुने हिशेब दिसतात, पण रोजचं दुकान त्यावर चालत नाही. कायमच्या परवान्यात पैसे थांबले की बदल थांबतात, भाड्यात कामच थांबतं.

परवडतं काय? समजा, कायमचा परवाना 100 रुपयांना आहे, अपडेटची सेवा पहिल्या वर्षानंतर दरसाल 20 रुपये आणि भाडं वर्षाला 40. चार वर्षांत पहिल्याचे 160 होतात, दुसऱ्याचेही 160. पाचव्या वर्षापासून परवाना स्वस्त पडू लागतो. दोन वर्षांतच धंद्याचं स्वरूप बदलणार असेल तर भाडं बरं. खऱ्या किमती घालून हाच हिशेब कुणालाही कागदावर मांडता येईल.

सगळी कायमची सॉफ्टवेअरं टॅलीसारखी नसतात. एकरकमी घेतलेल्या ऑफिस 2019 ला पुढची आवृत्ती मिळण्याची सोय नव्हतीच, फक्त दुरुस्त्या मिळत होत्या. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याही थांबल्या. वर्ड, एक्सेल आजही उघडतात. पण नवी सुरक्षा-त्रुटी सापडली तर ती कुणी बुजवणार नाही. इंटरनेटला जोडलेल्या आणि अनोळखी फाइली उघडणाऱ्या संगणकावर हा धोका खरा आहे.

तेव्हा विकणाऱ्याने "लाइफटाइम" म्हटलं, की दोन तारखा लिहून मागा: नव्या आवृत्त्या कधीपर्यंत मिळतील आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीपर्यंत. टॅली आधीच घेतलं असेल तर F1 दाबून About उघडा. टीएसएस कधीपर्यंत वैध आहे, ती तारीख तिथेच दिसते.