कोर्स सुटला, खोली सुटत नाही

सप्टेंबरात ब्रिटनला शिकायला गेलेल्या काही मुलांवर नोव्हेंबरातच परतायची वेळ येते. घरचं आजारपण, फीचा अडलेला हप्ता, न झेपलेला कोर्स, कारण काहीही असो. विद्यापीठाला मेल टाकला की विषय मिटला, असा अनेकांचा समज असतो. पण खोलीचा करार वेगळा असतो आणि व्हिसाचे नियमही वेगळे.

सर्वांत महागात पडते ती खोली. विद्यापीठाचं स्वतःचं वसतिगृह असेल, तर कोर्स सोडणाऱ्याला ठरावीक मुदतीची नोटीस घेऊन सहसा मोकळं करतात. खासगी वसतिगृहात तसं नसतं. समजा, आठवड्याला १६० पौंड भाड्यानं ५१ आठवड्यांचा करार केला आणि आठ आठवड्यांनी मुलगा निघाला. उरलेल्या ४३ आठवड्यांचे ६,८८० पौंड कंपनी मागू शकते. सुटकेचा रस्ता बहुधा एकच: त्याच खोलीत करार घेऊन राहणारा दुसरा विद्यार्थी शोधणं. तोपर्यंत भाडं चालूच राहतं आणि ते थकलं, तर कंपनी जामीनदाराला धरते. म्हणून कोर्स सोडण्याचा अर्ज भरण्याआधीच करारातलं रद्द करण्याचं कलम वाचावं.

कंपनीला लिहायचा मेल छोटा, पण नेमका हवा. त्यात खोलीचा व कराराचा क्रमांक, निघण्याची तारीख आणि किल्ली कधी देणार हे लिहावं. करारातून मोकळं करण्याची विनंती स्पष्ट शब्दांत करावी आणि विद्यापीठाचं पत्र मिळालं असल्यास सोबत जोडावं. काउंटरवर कुणी ‘चालेल’ म्हणालं, तर त्याच दिवशी तेच मेलवर लिहून होकार मागावा. नुसती किल्ली ठेवून निघून गेल्यानं करार संपत नाही.

व्हिसाचं मात्र उलट आहे. तिथे कळवण्याची जबाबदारी मुख्यतः विद्यापीठाची, कारण व्हिसाचा प्रायोजक तेच असतं. विद्यार्थ्यानं कोर्स सोडला की १० कामकाजाच्या दिवसांत त्याला गृहखात्याला कळवावं लागतं. मग गृहखातं व्हिसाची मुदत कमी करतं. विद्यार्थी ब्रिटनमध्येच असेल, तर आवराआवरीला साधारणपणे ६० दिवस मिळतात. हे कळवणारं पत्र नोंदवलेल्या ईमेलवर येतं. विद्यापीठाचा ईमेल बंद पडण्याआधी व्हिसाच्या ऑनलाइन खात्यात स्वतःचा ईमेल घालणं म्हणूनच गरजेचं. पत्र पाहिलंच नाही, तरी मुदत संपायची थांबत नाही, आणि मुदतीनंतरचा मुक्काम पुढच्या व्हिसाला आडवा येतो.

निघण्याची तारीख विद्यापीठालाही लेखी कळवावी. ब्रिटन सोडताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. त्यामुळे बोर्डिंग पास आणि विद्यापीठाचं पत्र जपून ठेवावं. पुढे कोणत्याही देशाचा व्हिसा मागताना वेळेत निघाल्याचा पुरावा तोच.