पत्रक त्यांच्यापुढे आहेच

सरकारी बँकेतल्या अधिकाऱ्याची पदोन्नतीची मुलाखत फार वेळ चालत नाही. दहा मिनिटे, पंधरा मिनिटे, फार तर वीस. समोर वरच्या श्रेणीतले तीन-चार अधिकारी, प्रत्येकाच्या पुढ्यात उमेदवाराचे एक पत्रक. त्यात रुजू झाल्याची तारीख, प्रत्येक शाखा, प्रत्येक बदली, वार्षिक मूल्यमापनाचे म्हणजे ‘एपार’चे गुण, उत्तीर्ण झालेल्या खात्यांतर्गत परीक्षा, एवढेच नव्हे तर लांबलेली रजाही असते. आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: “स्वतःबद्दल सांगा.”

इथे नव्याण्णव टक्के मंडळी सालवारी सुरू करतात, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नव्हे. अमुक साली रुजू झालो, तमुक शाखेत तीन वर्षे होतो, मग अमुक ठिकाणी बदली झाली. तिसऱ्या शाखेपर्यंत पोचेस्तोवर समितीतले एखादे साहेब पत्रकाचे पान उलटू लागतात. त्यांना कंटाळा आला म्हणून नव्हे. जे ऐकत आहेत तेच त्यांना वाचताही येते आहे, आणि वाचणे ऐकण्यापेक्षा लवकर होते, म्हणून.

पत्रकातले गुण आता उमेदवारालाही ठाऊक असतात. पूर्वी तसे नव्हते. देवदत्त विरुद्ध भारत सरकार या 2008 सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, त्या कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. ते प्रकरणही मजेशीर होते. देवदत्त यांना मिळालेला शेरा ‘चांगला’ होता, आणि त्या ‘चांगल्या’ शेऱ्यानेच त्यांची बढती अडली, कारण निकष ‘अत्युत्तम’चा होता. तेव्हा कागदावर काय आहे हे आता टेबलाच्या दोन्ही बाजूंना माहीत असते. कागदावर काय नाही, ते सांगण्यासाठी ही दोन मिनिटे असतात.

कागदावर नसते ती वाढ. माणूस कुठे होता हे पत्रक सांगते. तिथे गेल्यावर त्याचा कामाकडे बघण्याचा डोळा बदलला का, हे ते सांगू शकत नाही. शिवाय समितीला मागच्या कामाचे बक्षीस द्यायचे नसते. स्केल टूचा मॅनेजर स्केल थ्रीला, म्हणजे सीनियर मॅनेजर म्हणून गेला, तर त्याच्याकडे मोठी शाखा किंवा कर्जाच्या मोठ्या फायली येणार. हाताखाली माणसे जास्त, मंजुरीचे अधिकार जास्त. तो ते पेलेल का, एवढाच प्रश्न असतो.

एक नमुना घेऊन बघू. अधिकारी कल्पित आहे, पण काम खरे आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रामीण शाखेत पीओ म्हणून सुरुवात, नंतर पुण्यातली एक शाखा, पहिल्या बढतीनंतर इचलकरंजी, आणि आता नाशिकचे कर्ज प्रक्रिया केंद्र. बारा वर्षांची नोकरी. पहिल्या मसुद्यात त्याने चारही ठिकाणांना सारखा वेळ दिला होता आणि शेवटी “या सर्व अनुभवातून मी परिपक्व झालो” असे वाक्य जोडले होते. परिपक्वतेचा पुरावा मात्र कुठेच नव्हता.

दुसऱ्या मसुद्याच्या वेळी त्याला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने वेगळाच प्रश्न विचारला: “अशी कोणती गोष्ट आहे, जी तू यवतमाळला एका तऱ्हेने केलीस आणि आज दुसऱ्या तऱ्हेने करतोस?” उत्तर सापडायला दोन संध्याकाळी गेल्या. सापडले ते इचलकरंजीत.

यवतमाळला पीककर्जाच्या फायलीत सातबारा, फेरफार आणि इतर बँकांचे येणे नसल्याचे दाखले बघायचे आणि कागद पुरे असतील तर पुढे पाठवायचे, ही त्याची पद्धत होती. नव्या अधिकाऱ्याला तेच शिकवलेले असते. इचलकरंजीला तो यंत्रमाग कारखान्यांना खेळत्या भांडवलाचे कर्ज देण्याच्या कामावर आला. तिथे शेडमध्ये शिरले की सुताची बाचकी आणि कापडाचे ताके दिसतात. स्टॉक स्टेटमेंटमध्ये तोच माल लिहिलेला असतो. दोन्हींचा मेळ बसला की कागदी डोळ्याचे समाधान होते.

पण इचलकरंजीत बरेच कारखानदार ‘खर्चीवाले’ असतात. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. कारखानदाराला मिळते ती विणण्याची मजुरी, तीही पिकावर, म्हणजे कापडात किती आडवे धागे भरले त्या हिशेबाने. शेडमधला माल त्याचा नाहीच. मग तो माल तारण धरून दिलेले कर्ज कशावर उभे आहे?

आकड्यांत हा फरक लख्ख दिसतो. लघुउद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी बँका उलाढालीची सोपी पद्धत वापरतात: अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या 25 टक्के ही गरज धरायची, त्यातले 20 टक्के बँकेने द्यायचे आणि 5 टक्के मालकाने घालायचे. समजा, एका शेडमधून वर्षाला 3 कोटींचे कापड बाहेर पडते, पण कारखानदाराच्या हाती मजुरीचे 60 लाख येतात. कापडाची किंमत उलाढाल धरली तर मर्यादा 60 लाखांची निघते. मजुरी धरली तर 12 लाखांची. पहिल्या हिशेबाने वर्षभराच्या मजुरीइतके कर्ज एका माणसाच्या डोक्यावर बसते, आणि ते फिटणार कशातून हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्या अधिकाऱ्याने हा फरक ओळखला. त्यानंतर तो शेडमध्ये गेला की आधी चलन मागायचा, सूत कोणाच्या नावावर आले आहे ते बघायचा, आणि खर्चीवाल्याची उचल मालावर न ठरवता मजुरीच्या येण्यांवर ठरवायचा.

पुढची पायरी नाशिकची. कर्ज प्रक्रिया केंद्रात मालेगावच्या यंत्रमागांचे प्रस्ताव येत, आणि त्यांतही शाखांनी तीच गल्लत केलेली असे. त्याने केंद्राच्या पाहणी अहवालात एक रकाना वाढवून घेतला, ‘माल कोणाच्या मालकीचा?’, आणि नव्या अधिकाऱ्यांना घेऊन तो पाहणीला जाऊ लागला. आता तो रकाना ते स्वतः भरतात. आधी कागद बघणारा, मग कागदामागचा धंदा बघणारा, आणि आता दुसऱ्यांना तो बघायला लावणारा: वाढ ती हीच, आणि एकही साल न सांगता ती दिसते.

तो समितीपुढे बोलणार हिंदीत किंवा इंग्रजीत, पण मराठीत त्याचा मजकूर साधारण असा होईल: “सुरुवातीला मी कर्जाची फाइल कागदांवरून तपासत असे. इचलकरंजीला मजुरीवर चालणारे यंत्रमाग पाहिले आणि लक्षात आले, की तारण म्हणून दाखवलेला माल कर्जदाराचा नाही. तेव्हापासून मी मर्यादा मजुरीच्या उत्पन्नावर काढू लागलो. काही ग्राहक नाराज झाले, दोन खाती दुसऱ्या बँकेत गेली. आज नाशिकच्या केंद्रात मालेगावच्या प्रस्तावांसाठी हीच तपासणी चार अधिकारी करतात. अवघड प्रस्ताव तेवढे माझ्याकडे येतात. मोठ्या शाखेत मला कर्जविभाग असा उभा करता येईल.” एवढेच. सावकाश बोलले तरी मिनिटभरात संपते.

पुण्याची दोन वर्षे यात गळाली. तिथे त्याने गृहकर्जे केली, सोनेतारण केले, ऑडिटचे आक्षेप निस्तरले. ते वगळताना त्याचा जीव तुटला, पण कोणी विचारले तर सांगायला ते पत्रकावर आहेच. एक गोष्ट मात्र वगळायची नसते: पत्रकातली ठळक पोकळी. मुलाच्या संगोपनासाठी घेतलेली वर्षभराची रजा असो, की मूल्यमापनात एका वर्षी घसरलेले गुण, समितीची नजर तिथे आधीच गेलेली असते. परिचयात त्यावर खुलासा करत बसू नये, मात्र विचारले तर एका वाक्यात सरळ सांगता येईल अशी तयारी हवी.

दोन ठिकाणी अशा परिचयाचा पाय घसरतो. पहिले, आकडे. “माझ्या काळात शाखेचा व्यवसाय 40 कोटींवरून 62 कोटींवर गेला” हे वाक्य फार लोकप्रिय आहे आणि फार लवकर उघडे पडते. समितीतले लोक शाखा चालवूनच वर आलेले असतात. एखादी मोठी ठेव मार्चअखेर आली आणि एप्रिलमध्ये गेली का, त्या 22 कोटींतले तुमच्यामुळे किती आणि गावात साखर कारखान्याचे बिल जमा झाल्यामुळे किती, हे ते विचारणारच. उत्तर नसेल तर आकडा न सांगितलेला बरा. वरच्या नमुन्यात मोठा आकडा एकही नाही, आणि गेलेली दोन खाती आहेत. ती दोन खाती त्या अधिकाऱ्याची बाजू जास्त भक्कम करतात, कारण निर्णयाची किंमत मोजल्याशिवाय ती जाऊ शकत नाहीत.

दुसरे, ‘आम्ही’. मराठी माणसाला स्वतःच्या तोंडाने स्वतःचे सांगणे जड जाते. ‘मी केले’ म्हणताना आत्मप्रौढी वाटते, म्हणून सगळे ‘आम्ही केले’ होते. नम्रता म्हणून ते ठीक आहे, पण समितीला त्यातून काहीच उमगत नाही. शाखेने केले ते शाखेचे आणि आपण ठरवले ते आपले, असे वेगळे करून सांगावे. रकाना वाढवायची मंजुरी केंद्रप्रमुखांची होती, सूचना माझी होती, हे वाक्य नम्रही आहे आणि स्पष्टही.

मसुदा जमला की नाही हे पडताळायला घरच्या घरी एक उपाय आहे. त्यातली सगळी साले, शाखांची नावे आणि पदनामे पेन्सिलीने खोडायची. उरलेल्या मजकुरातून माणसाचे काम ओळखू आले तर ठीक. नुसती विशेषणे उरली, ‘मेहनती’, ‘निष्ठावान’, ‘ग्राहकाभिमुख’, तर पुन्हा बसायचे.

परिचयाचे शेवटचे वाक्य विशेष जपून निवडावे, कारण पुढचा प्रश्न बहुधा तिथूनच उचलला जातो. वरच्या अधिकाऱ्याला विचारले जाईल ते असे काहीतरी: “व्यापाऱ्याने मजुरीच थकवली, तर खर्चीवाल्याची उचल कशी ठरवाल?” याचे उत्तर त्याला रोजच्या कामातून येतच असते. बँका सहसा 90 दिवसांपेक्षा जुनी येणी उचलीच्या हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे मर्यादा कागदावर 12 लाखांची असली तरी प्रत्यक्ष उचल तेवढी कमी होते. पण ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही, त्याने इचलकरंजीचा उल्लेख परिचयात करू नये.